मीटिंगच्या इनव्हाइटमध्ये IST लिहू नकोस

अरे, नवीन टीममध्ये डब्लिनचे लोक आहेत ना, मग एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, इनव्हाइटमध्ये नुसतं "दुपारी 3 IST" असं लिहू नकोस. आपल्याला वाटतं IST म्हणजे आपलीच वेळ, पण आयर्लंडमध्ये उन्हाळ्यात जी वेळ चालते तिलाही IST च म्हणतात, आणि इस्रायलची हिवाळ्यातली वेळ पण IST च. मी जुलैत असंच लिहिलं होतं, पुण्यात 3 ला लॅपटॉप उघडून बसलो, समोर कोणीच नाही, आणि संध्याकाळी साडेसातला तिकडून मेसेज, "कुठे आहेस?" साडेचार तासांचा फरक! चूक ना त्यांची ना माझी, तीन अक्षरांची.

त्यापेक्षा सरळ "दुपारी 3, डब्लिन (पुणे संध्याकाळी 7:30)" लिही आणि कॅलेंडरमध्ये झोन Europe/Dublin निवड. आपल्यासाठी Asia/Kolkata असतं, त्यात पुणे-मुंबई शोधत बसू नकोस, मिळणार नाही. शहर दिलं की घड्याळ कधी पुढे-मागे होतं ते कॅलेंडर स्वतःच सांभाळतं, म्हणजे दर आठवड्याची मीटिंग असेल तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर डब्लिनला 3 च वाजलेले असतात पण तुझ्याकडे ती 8:30 ला सरकते, तेव्हा दचकू नकोस. मीटिंग पुण्याच्या वेळेला धरून ठेवायची असेल तर मात्र झोन आपला लाव, मग सरकेल त्यांची, पण ते आधी त्यांना विचारून कर, हिवाळ्यात त्यांची एक तास लवकर होते.