सणाला सासरी जायचा प्लॅन बदललाय, सासूबाईंना मेसेज कसा लिहू?

प्रश्न: सणाला गुरुवारी रात्री सासरी पोचून सोमवारी सकाळी निघायचं ठरलं होतं. आता नवऱ्याची सुट्टी कमी झाली, शनिवारी सकाळी पोचून रविवारी संध्याकाळी निघावं लागेल. सासूबाईंना वाईट वाटू नये असा मेसेज कसा लिहू? त्या लगेच मनाला लावून घेतात.

उत्तर:

लग्नाला अकरा वर्षं झालीत आणि हे असले मेसेज मी बरेच लिहिलेत, त्यातले दोन तर चांगलेच अंगाशी आले, त्यामुळे सांगते.

आधी एक विचारते, सुट्टी कमी झाली नवऱ्याची, मग मेसेज तू का लिहितेयस? भांडण लावत नाहीये, पण बातमी सुनेकडून गेली की कारण काहीही असो, घरात ऐकू येतं ते असंच की "तिला यायचं नव्हतं". म्हणून बातमी नवऱ्याने द्यायची, फोन करून, दोन मिनिटांत. "आई, सुट्टी दोन दिवस कमी झाली, शनिवारी सकाळी पोचतो", बस. आणि तुझा मेसेज त्यानंतर अर्ध्या-एक तासात. म्हणजे मेसेजचं काम बातमी फोडायचं राहतच नाही, त्यांचं जे बिघडलंय ते सावरायचं राहतं आणि ते लिहायला खूप सोपं जातं. नवरा "तूच सांग ना, तुला छान जमतं" म्हणेल, तिथे विरघळू नकोस.

आणि हे दोन्ही होईपर्यंत फॅमिली ग्रुपवर एक अक्षर टाकू नकोस. मी एकदा जावेला सहज बोलता बोलता सांगून ठेवलं होतं, सासूबाईंना रात्री निवांत सांगू म्हणून, आणि दुपारीच त्यांना तिच्याकडून कळलं. आम्ही उशिरा येणार याचं त्यांना काहीच नव्हतं, "मला सगळ्यात शेवटी कळलं" हे मात्र पुढची दोन वर्षं ऐकलं.

आता मेसेज. बहुतेक जणी पहिल्यांदा जे लिहितात (मीही लिहायचे) ते साधारण असं असतं:

"आई कशा आहात? तब्येत बरी आहे ना? एक सांगायचं होतं, प्लीज रागावू नका हं. ह्यांच्या ऑफिसमध्ये खूप काम आहे, आणि मुलाची परीक्षा पण जवळ आलीय, आणि गाड्यांना गर्दी पण खूप असते ना, तर आम्हाला गुरुवारी यायला बहुतेक जमणार नाही. बघू, प्रयत्न करतो. सॉरी सॉरी सॉरी. चालेल ना?"

वाचायला गोड वाटतं पण यातली प्रत्येक गोष्ट नंतर नडते. "रागावू नका" वाचलं की माणूस आधी घाबरतो आणि मग रागावतो. तीन कारणं दिली की तिन्ही बहाणे वाटतात, शिवाय प्रत्येकावर तोडगा निघतो, गर्दी आहे तर पहाटे निघा, परीक्षा आहे तर पुस्तकं घेऊन या. खरं कारण एकच आहे ना, सुट्टी, मग तेवढंच लिही. सगळ्यात वाईट म्हणजे "बहुतेक" आणि "प्रयत्न करतो". तुझं शनिवार पक्कं आहे, पण त्यांनी हे वाचलं की त्या गुरुवारी रात्री जेवायची वाट बघणार आणि मग तेच दुखणं दुसऱ्यांदा. "चालेल ना?" पण नको, कारण ठरलेल्या गोष्टीला परवानगी मागितली आणि त्या "नाही चालणार" म्हणाल्या तर तू काय करणार?

अजून एक, हा मेसेज त्या एकट्या वाचणार नाहीत. चष्मा लावून सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवणार, नणंदेला फॉरवर्ड करणार. म्हणून लिहून झाल्यावर स्वतःच मोठ्याने वाचून बघ, जिथे आपलंच आपल्याला लाडीलाडी वाटतं किंवा नवऱ्याच्या नोकरीबद्दल तक्रार ऐकू येते ते वाक्य काढून टाक.

त्यांना नक्की काय लागेल याचाही विचार कर. तीन रात्री कमी झाल्या हे आहेच, पण खरं म्हणजे शुक्रवारची तयारी तुम्ही दोघं हाताशी असाल असं धरून त्यांनी ठरवली असणार, आणि चार ठिकाणी सांगून पण झालं असणार की मुलगा-सून गुरुवारी येतायत. मेसेजमध्ये त्यांना तू हे दिसू दिलंस की तुला हे कळलंय, तर सॉरी एकदाच पुरतं. मी असं लिहीन:

"आई, ह्यांचा फोन झाला ना तुम्हाला. आम्ही शनिवारी सकाळी नऊपर्यंत पोचतो आणि रविवारी संध्याकाळी पाचला निघतो, हे पक्कं आहे. शुक्रवारच्या तयारीला मी असेन असं तुम्ही धरलं होतं, ते सगळं आता तुमच्या एकटीवर येणार याचं मला वाईट वाटतंय, सॉरी. बाहेरून आणायचं जे काही आहे त्याची यादी मला पाठवा, मी इथून घेऊन येते, म्हणजे तुमच्या फेऱ्या वाचतील. आणि एखादं काम शनिवारवर ढकलता येत असेल तर ते माझ्यासाठी ठेवा. संध्याकाळी फोन करते."

बघ, यात "पुढच्या वेळी नक्की जास्त दिवस येऊ" नाहीये. ते मुद्दाम गाळलंय. तारीख आणि सुट्टी हातात असेल तर तारखेसकट लिही, नाहीतर त्यांना ते पाठ होतं आणि पुढच्या सणाला तेच पुढे येतं. मदत पण नेमकी देऊ केलीय, खरंच करता येईल अशी. तुमच्या घरात खरेदी आधीच होत असेल तर दुसरं काहीतरी शोध, पण "काही लागलं तर सांगा" असं मोघम लिहू नकोस, त्यावर कुणीच काही सांगत नाही.

एका गोष्टीची तयारी ठेव, "मग तू आणि मुलं गुरुवारी या, तो येईल शनिवारी" असं येऊ शकतं. हे आधीच नवऱ्याशी बोलून ठेव. जमणार असेल तर खरं सांगायचं तर सगळ्यात चांगलं, मग मेसेजमध्ये तूच सुचव. जमणार नसेल तर का नाही ते एका वाक्यात तयार ठेव, तिथे अडखळलीस की संपलं. आणि कमी झालेल्या दोन दिवसांत माहेरी जायचं असेल तर ते लपवू नकोस, स्टेटसवरच्या एका फोटोत सगळं बाहेर येतं आणि मग सुट्टीचं कारण पण खोटं ठरतं.

उत्तर काय येईल? बहुतेक "बरं" किंवा नुसता अंगठा. त्यावर लगेच पुन्हा कारणं टाईप करत बसू नकोस, त्यांना थोडा वेळ दे. संध्याकाळी मात्र फोन कर म्हणजे कर, आणि फोनवर सुट्टीचा विषय तू काढू नकोस. शुक्रवारचं काय ठरवलंत ते विचार. त्या यादी सांगायला लागल्या की समज गाडी रुळावर आली, आणि "काही नको, मी बघते सगळं" म्हणाल्या तर अजून राग आहे, मग दोन दिवसांनी नवऱ्याला एकट्याला फोन करायला सांग.