झोळ, ढील आणि ताण

«फोंड्याजवळच्या आमच्या कुळागरात व्हाळावरून पाण्याचा पाइप न्यायचा आहे, त्यासाठी लोखंडी दोर बांधतोय. कामाचा माणूस म्हणतो, "झोळ सगळा काढतो, मग दोर मजबूत बसेल." मेस्त्री म्हणतात, "झोळ काढलास तर दोर तुटेल." झोळ म्हणजे नेमकं काय? आणि दोराच्या या खाली येण्याला झोळ म्हणावं की बाक?»

मेस्त्रींचं बरोबर आहे. पण तुमचा माणूसही शब्द चुकीचा वापरत नाही. बोलीत झोळ या एका शब्दात दोन गोष्टी राहतात, तिथेच गोंधळ होतो.

आधी बाक. फळी, तुळई, काठी यांना बाक येतो. त्या ताठ असतात आणि भाराखाली वाकतात. दोर, कापड, साखळी यांना स्वतःचा ताठपणा नसतो, भार येईल तसा त्या आकार घेतात, म्हणून त्यांना झोळ पडतो. झोळीही त्याच घरातली. तेव्हा तुमच्या दोराला झोळच म्हणा. दोन टोकं एका पातळीत असतील तर त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषेपासून दोराच्या सर्वांत खालच्या बिंदूपर्यंतचं उभं अंतर, एवढाच अर्थ मी या शब्दाला ठेवीन.

झोळाचा दुसरा अर्थ म्हणजे दोरात राहिलेली जास्तीची लांबी. तिच्यासाठी आपल्याकडे ढील हा सुरेख शब्द आहे. पतंगाला ढील देतो तीच. आणि दोन टोकांमधल्या आडव्या अंतराला पुलाच्या भाषेतला गाळा. गाळा, झोळ, ढील, ताण हे चारही शब्द वेगळे ठेवले की तुमच्या अंगणातला वाद मिटतो, कारण झोळ आणि ढील एकत्रच कमी होतात पण सारख्या वेगाने नाही, आणि ताण त्यांच्या उलट वाढतो.

तुमचाच गाळा २० मीटर धरू. दोन इंची पाइप, त्यातलं पाणी, लोंबत्या तारा आणि दोर मिळून मीटरला साधारण ४ किलो, म्हणजे एकूण ८० किलो. पाइप आडवा, सरळ राहतो आणि सारख्या अंतरांवर उभ्या तारांनी दोराला टांगलेला असतो, त्यामुळे भार आडव्या अंतरावर सारखा पसरतो. हे महत्त्वाचं आहे. अशा दोराचा आकार अन्वस्त होतो, शाळेत ज्याला पॅराबोला म्हणतात तो. नुसती साखळी स्वतःच्या वजनाने लोंबते तेव्हा भार साखळीच्या लांबीवर पसरतो, आणि तिचा वक्र वेगळा असतो. झोळ उथळ असेल तर दोन्हींत डोळ्याला फरक दिसत नाही.

आता दोर मधोमध तोडल्याची कल्पना करा आणि एकाच अर्ध्याकडे बघा. सर्वांत खालच्या बिंदूवर दोर आडवा असतो, तिथे दुसरा अर्धा त्याला आडवा ओढतो. या अर्ध्यावर ४० किलो भार, आणि तो सारखा पसरलेला असल्याने टोकापासून ५ मीटरवर एकवटला आहे असं धरता येतं. टोकाभोवती हा भार दोराला एका बाजूने फिरवू पाहतो, ४० गुणिले ५. आडवी ओढ उलट बाजूने फिरवू पाहते, ओढ गुणिले झोळ. दोन्ही सारखे असतात म्हणून दोर स्थिर राहतो. झोळ १ मीटर असेल तर आडवा ताण २०० किलो. टोकाला दोर तिरका होतो, तिथे ४० किलोचा उभा वाटा मिळून ताण २०४ किलो. जास्तीत जास्त ताण नेहमी टोकालाच. सूत्रात लिहायचं तर:

```
H = w L² / (8 d)
ढील ≈ (8/3) d² / L
```

यात H आडवा ताण, w मीटरला भार, L गाळा, d झोळ.

८० किलोच्या भाराला २०४ किलोचा ताण हे पहिल्यांदा विचित्र वाटतं. पण दोर जवळजवळ आडवा आहे, आणि आडव्या दोराला वजन उचलायला फार जोराने ओढावं लागतं. झोळ अर्धा मीटर केला तर ताण ४०० किलोच्या वर, पाव मीटर केला तर ८०० च्या वर. झोळ शून्य होऊच शकत नाही, त्यासाठी अनंत ताण लागेल. «झोळ सगळा काढतो» हे वाक्य म्हणूनच प्रत्यक्षात कधी खरं होत नाही.

आणि ढील? १ मीटर झोळाला फक्त १३ सेंटीमीटर. अर्ध्या मीटरला ३ सेंटीमीटरच्या थोडी वर. पाव मीटरला जेमतेम ८ मिलिमीटर. म्हणजे ताण दुप्पट करायला ढील चौपट कमी करावी लागते, आणि सरळपणाच्या जवळ गेल्यावर काही मिलिमीटरांत ताण उड्या मारतो. टर्नबकल म्हणजे दोर आवळायचा स्क्रू, तो फिरवणाऱ्या माणसाला हातात फक्त लांबी जाणवते, ताण दिसत नाही. आमच्या सत्तरीच्या कुळागरात असाच दोर पोफळीला बांधून सरळ दिसेपर्यंत ओढला होता. दोर शाबूत राहिला, पोफळ मात्र व्हाळाच्या बाजूला कलली आणि मुळाशी माती फुटली. नंतर झोळ मीटरभर ठेवला आणि टोकं चिऱ्याच्या खडकात पक्की केली. पोफळीच्या झाडाला आडव्या ओढीसाठी कधीच बांधू नका.

पण एक मर्यादा सांगतो. ही ढील भार आल्यानंतरच्या दोराची आहे. लोखंडी दोर भाराखाली ताणून लांबतो, आणि नवा असेल तर पहिल्या दिवसांत पिळाच्या तारा एकमेकींवर बसूनही लांबतो. म्हणून २० मीटर १३ सेंटीमीटर मापून कापलेला दोर टांगल्यावर १ मीटरपेक्षा जास्त झोळ देईल. कापताना मोजण्यापेक्षा पाइप पाण्याने भरल्यावर झोळ मोजून टर्नबकल लावा, आणि आठवड्याने पुन्हा मोजा. ढिलेचं सूत्र उथळ झोळासाठी आहे. झोळ गाळ्याच्या पाचव्या हिश्शाला गेला तर ते ढील आठ-नऊ टक्के जास्त सांगतं. ताणाचं सूत्र मात्र, भार आडव्या अंतरावर सारखा आहे तोवर, पूर्ण अचूक राहतं.

पाइप टांगायच्या उभ्या तारांची मापंही यातूनच निघतात. मधली तार १० सेंटीमीटर ठेवली तर मध्यापासून ५ मीटरवरची ३५ सेंटीमीटर, टोकाजवळची ११० च्या आसपास. अंतर दुप्पट, १० सेंटीमीटरच्या वरची उंची चौपट. तारा अशा कापल्या तरच पाइप सरळ राहील आणि माझा हिशेब तुमच्या दोराला लागू पडेल.

मांडवीवरच्या अटल सेतूच्या केबल मात्र या चर्चेत आणू नका. त्या मनोऱ्यापासून थेट पुलाच्या पाटाला तिरक्या जोडलेल्या आहेत, वाटेत त्यांना काही टांगलेलं नाही, म्हणून त्या जवळजवळ सरळ दिसतात.

तुम्ही टोकाला टोक समपातळीत सुतळी ताणा, सुतळीपासून दोराच्या खालच्या बिंदूपर्यंत पट्टी लावा, आणि जो आकडा येईल तो मीटरमध्ये घेऊन त्याने २०० ला भागा. गाळा आणि भार वर धरले तेवढेच असतील तर जे येईल तो तुमच्या दोरातला आडवा ताण, किलोत. मेस्त्रींना आणि तुमच्या माणसाला दोघांनाही तोच आकडा दाखवा.