इस्त्री चालते त्या बोर्डवर गिझर का लावू नये

प्रश्न: आमचा गिझर २००० वॅटचा आहे आणि पॉइंट थोडा लांब आहे. एक्स्टेन्शन बोर्डवर १० अँपियर लिहिलंय, इस्त्री तर त्यावर नीट चालते. मग गिझर चालेल ना? आणि उद्या एसी घेतला तर वायर किती जाडीची लागेल?

उत्तर:

गिझर त्या बोर्डवर लावू नका. मी वायरिंगची कामं करतो, आणि ‘इस्त्री चालते म्हणजे गिझरही चालेल’ हे गणित कुठे चुकतं ते आधी सांगतो.

२००० वॅटला २३० व्होल्टने भागलं की ८.७ अँपियर येतात. १० पेक्षा कमी, म्हणून बसतंय असं वाटतं. पण बोर्डवरचा १० हा आकडा बऱ्याचदा आतल्या सॉकेटचा किंवा फ्यूजचा असतो. वायर कितीची आहे ते तिच्या अंगावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. तिथे ०.७५ चौरस मिलिमीटर दिसलं, तर ती साधारण ६ अँपियरची वायर. १ ची असेल तर १० अँपियर, दीडची असेल तर १६. हाताला जाड लागते म्हणून फसू नका, ती जाडी नुसत्या प्लास्टिकचीही असू शकते. आकडा असतो तो आतल्या तांब्याचा.

आता ५ मीटरची पाऊण एमएमची वायर धरू. करंट जातो आणि परत येतो, म्हणजे १० मीटर तांबं झालं आणि त्याचा रोध साधारण ०.२६ ओहम. १००० वॅटच्या इस्त्रीला ४.३५ अँपियर लागतात, तेव्हा या वायरीत जेमतेम ५ वॅट उष्णता होते. गिझर लावला की करंट दुप्पट होतो, पण उष्णता चौपट होते, २० वॅट. त्यातून इस्त्री थर्मोस्टॅटमुळे मधूनमधून बंद पडत असते आणि वायरीला दम घ्यायला मिळतो. गिझर पाणी तापेपर्यंत सलग ओढतो. ५ मीटरवर पसरलेले २० वॅट ही वायर कदाचित सोसेलही. पण तीच वायर गुंडाळून ठेवली किंवा पायपुसण्याखाली दडपली, तर उष्णतेला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि आवरण मऊ व्हायला लागतं.

खरा घात मात्र बहुतेक वेळा वायरीत होत नाही, प्लगपाशी होतो. एका घरी गिझर असाच ६ अँपियरच्या बोर्डवर चालायचा, १६ च्या प्लगला ६ चा अ‍ॅडॉप्टर लावून. प्लग काढला तर एक पिन तपकिरी पडलेली, तिच्या भोकाभोवतीचं प्लास्टिक पिवळं होऊन आत ओघळलेलं, आणि खोलीत माशासारखा उग्र वास. सॉकेटमधली पितळी पत्ती सैल झाली की तेवढ्या एका ठिपक्यात रोध वाढतो. तो नुसता ०.१ ओहम झाला तरी गिझरच्या करंटला तिथे साडेसात वॅट उष्णता तयार होते, तीही हरभऱ्याएवढ्या जागेत. पत्ती तापते, तापली की आणखी सैल होते, आणि ते वाढतच जातं.

आणि एमसीबी? तो पडला नव्हता, पडणारही नव्हता. १६ अँपियरचा एमसीबी भिंतीतली वायर वाचवायला असतो. ८.७ अँपियर त्याच्या दृष्टीने नेहमीचा लोड आहे. बोर्डाची बारीक वायर वितळत असली तरी त्याला ते कळत नाही.

म्हणून गिझरला स्वतंत्र लाइन ओढून घ्या: अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ चा सॉकेट, १६ चा एमसीबी, पक्कं अर्थिंग आणि करंट गळला की लाइन तोडणारा ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी. गिझर ३००० वॅटचा असेल तर १३ अँपियर होतात. अंतर लांब असेल तर ४ ची वायर घालावी. बाथरूममध्ये एक्स्टेन्शन नकोच, तिथे ओल असते.

एसीचंही तसंच, त्याला एक्स्टेन्शन नाही. दीड टनाचा एसी चालताना साधारण ७-८ अँपियर घेतो, पण साधा, इन्व्हर्टर नसलेला कंप्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो आणि मग तासन्‌तास चालतो. बारीक, लांब वायरीत तेवढ्यात व्होल्टेज पडतं आणि कंप्रेसर उचलतच नाही, नुसता घरघरतो. मी दीड टनाला शक्यतो ४ ची वायर टाकतो. अडीचची चालते, पण अंतर कमी असेल तर.

इस्त्रीला बोर्ड ठेवा, फक्त दीडची वायर आणि तीन पिनांचा १६ अँपियरचा बोर्ड घ्या, आणि वायर पूर्ण उलगडून वापरा. सध्याचा बोर्ड तपासायचा असेल तर दहा मिनिटं इस्त्री चालवून स्विच बंद करा, प्लगच्या प्लास्टिकला हात लावा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल किंवा भोकाभोवती रंग बदललेला दिसत असेल, तर बोर्ड दुरुस्त करत बसू नका, टाकून द्या.