हॉर्न त्याचा, क्लच माझा

"वय ४६. लायसन्स आहे, क्लासही झाला. पण सिग्नल सुटला की गाडी बंद पडते, मागून हॉर्न वाजतात आणि डावा पाय लटपटायला लागतो. तिथल्या तिथे आठवेल असं काहीतरी छोटं सांगा."

पुण्यातल्या एका शिक्षिकेचं अगदी हेच व्हायचं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) त्या मनात "घाबरू नकोस, घाबरू नकोस" म्हणायच्या. मला ते वाक्यच पटलं नाही. त्यात भीतीचं नाव आहे, पण पायाने काय करायचं ते नाही.

आधी मी पायाचीच चौकशी केली. नळस्टॉपच्या सिग्नलला गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून त्या मिनिटभर क्लच दाबून धरत. म्हणजे पोटरी आधीच थकलेली, त्यात हॉर्नने दचकायचं. पाय झटकन उचलला जायचा आणि इंजिन बंद! निम्मी लटपट मनाची नव्हतीच. मग ठरलं, थांबल्यावर न्यूट्रल, हँडब्रेक आणि डावा पाय खाली. आकडे दहावर आले की क्लच, पहिला गिअर. सिग्नल सुटला की इंजिनाचा आवाज जड होईपर्यंत क्लच हळू सोडायचा, तिथे क्षणभर धरायचा आणि मग हँडब्रेक खाली.

दुसरी गोष्ट त्यांना विचित्र वाटली. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात गाडी मुद्दाम दहा वेळा बंद पाडायची आणि पुन्हा सुरू करायची. यजमानांनी शेजारी बसून फक्त मोबाइलवर वेळ मोजायची, तोंड उघडायचं नाही. (ही अट पाळणं त्यांनाच जास्त जड गेलं.) गाडी पुन्हा निघायला किती वेळ लागतो, असं आधी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "निदान एक मिनिट." पहिल्या खेपेला अकरा सेकंद लागले, दहाव्या खेपेला सहा. मी नुसतं समजावलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती, इतकंच.

वाक्य त्यांनीच शोधलं, "हॉर्न त्याचा, क्लच माझा." मी त्यात एकच भर घातली, ते श्वास सोडताना म्हणायचं, सावकाश. भीती त्याने लगेच जात नाही. लक्ष मात्र आरशातून पायाकडे येतं. रस्त्यावर ते आधी दुपारच्या रिकाम्या वेळी वापरायचं, संध्याकाळची गर्दी पंधरवड्याने. आणि गाडी दोनदा सुरू करूनही निघाली नाही तर चारही इंडिकेटर लावायचे, मागचे वाट काढतात.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. भर सहा वाजता गाडी बंद पडली होती. त्यांनी वाक्य मोठ्याने म्हटलं, किल्ली फिरवली, निघाल्या. काच उघडीच होती. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "ताई, हॉर्न माझा नाही हां!"