लग्नानंतर दुरावत चाललेल्या मैत्रिणीला पत्र लिहावं का? काय लिहावं?

प्रश्न : माझी जिवलग मैत्रीण लग्न करून दुसऱ्या शहरात गेली. आता माझ्या मेसेजला दोन-तीन दिवसांनी "हो गं, खूप बिझी" एवढंच उत्तर येतं. मनातलं सगळं एकदा लिहून पाठवू का? लिहायचं तर काय लिहू?

उत्तर : लिहा, पण "मनातलं सगळं" नको. हे मी अनुभवावरून सांगतेय, कारण मी आधी सगळंच लिहिलं होतं.

माझी मैत्रीण लग्न होऊन गेली त्याला आठ महिने झाले होते. एका रात्री साडेअकराला मी लिहायला बसले आणि फोनवर बोटं दुखेपर्यंत लिहीत राहिले. सुदैवाने मध्येच झोप लागली आणि ते पाठवायचं राहून गेलं. सकाळी वाचलं तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. "तुझी खूप आठवण येते" ही सुरुवात, पण पुढच्या प्रत्येक ओळीत "तू फोन केला नाहीस", "तुला आता आमची गरज नाही", "नेहमी मीच का विचारायचं?" आठवण नावालाच होती, खाली सगळं हिशेबाचं चोपडं. असं पत्र हातात पडलं की माणूस एक तर सफाई देतो, नाहीतर गप्प बसतो. आणि सफाई द्यायला वेळ लागतो, म्हणून बहुतेक गप्पच बसतो.

त्याआधी मी चेष्टेचाही मार्ग वापरून झाला होता. "काय बाईसाहेब, ओळख आहे ना?" त्यावर एक हसरा चेहरा आला आणि मग तीन आठवडे शुकशुकाट. टोमणा तो टोमणाच, कितीही हसून मारला तरी लागतो.

मग मी तो मजकूर पुन्हा उघडला आणि ज्या वाक्यांत "तू" आणि "नाहीस" एकत्र होते, ती सगळी काढून टाकली. शिल्लक उरल्या दोन ओळी. चार दिवसांनी हे पाठवलं :

"अगं, काल माळा आवरताना अकरावीची वही सापडली. शेवटच्या पानावर तुझं अक्षर : 'सर इकडे बघतायत, खाली बघ.' त्याखाली माझं : 'खालीच बघतेय, तूच हसतेयस.' एकटीच खो खो हसले. पानाचा फोटो पाठवतेय. तू गेल्यापासून अशा फालतू गोष्टी सांगायला कोणी उरलं नाही, तेवढं मात्र जाणवतं. एक सांग, त्या दिवशी आपण नक्की कशावर हसत होतो? मला काही केल्या आठवत नाहीये. उत्तराची घाई नाही, महिन्याने सांगितलंस तरी चालेल."

बस, एवढंच. यातली एकेक गोष्ट मी का ठेवली ते सांगते, म्हणजे तुमचं पत्र तुम्हाला तुमच्या पद्धतीने लिहिता येईल.

आठवण एकच घ्या, आणि फक्त तुम्हा दोघींनाच कळेल अशी. "आपण किती मजा करायचो" हे वाक्य कुणीही कुणालाही पाठवू शकतं. वहीचं शेवटचं पान नाही पाठवू शकत.

तुमच्या मनाला लागलेली गोष्ट लिहा, पण एका ओळीत आणि स्वतःबद्दल. "कोणी उरलं नाही" ही माझी गोष्ट झाली. "तू विसरलीस" हा तिच्यावर आरोप झाला. ही ओळ अजिबात गाळू मात्र नका. नुसती गंमत पाठवली तर ती हसून पुढे जाईल आणि तुम्ही परत तिथेच.

प्रश्न असा विचारा की ज्याचं उत्तर चालता चालता देता येईल. "कशी आहेस?" हा नव्या घरात गेलेल्या माणसाला विचारायचा सगळ्यात अवघड प्रश्न. त्याला एक तर "मजेत" असं खोटं उत्तर द्यावं लागतं, नाहीतर चार पानं लिहावी लागतात. चार पानांना वेळ नसतो, म्हणून "खूप बिझी" येतं.

आणि हे फार कुणी सांगत नाही, पण तिचा फोन शेजारी बसलेल्या माणसालाही दिसतो असं धरूनच लिहा. नवऱ्याबद्दल, सासरबद्दल एक अक्षर नको, "तो तुला बोलू देत नाही का?" असा काळजीचा प्रश्नही नको. हे विचारायचंच असेल तर ती एकटी असताना, फोनवर. (आणि ती खरंच अडचणीत असावी अशी शंका असेल, तर पत्राची वाट न बघता थेट फोन करा. ते वेगळं प्रकरण आहे.)

पाठवल्यावर मी दुसऱ्या दिवसापर्यंत अकरा वेळा निळ्या खुणा बघितल्या. आपल्याला वाटतं, इतक्या दिवसांनी असं काही पाठवलं तर विचित्र दिसेल. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली नेमकं हेच तपासलं होतं. आपला निरोप समोरच्याला किती आवडेल याचा अंदाज पाठवणारे कमीच धरतात, असं त्यांना दिसलं. पाठवणाऱ्याला आपला संकोच दिसत असतो, घेणाऱ्याला मात्र अचानक कुणी आठवण काढल्याचा आनंद.

माझ्या मैत्रिणीचं उत्तर नवव्या दिवशी आलं. चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज, तोही कुजबुजत. हसण्याचं कारण तिला आठवत होतं, ते इथे सांगण्यासारखं नाही. पण पुढे ती म्हणाली, "अगं, इथे मला एकटीला बसून बोलायला जागाच नाही. खोलीत सतत कोणीतरी असतं. कोणी बाजूला असताना 'खूप बिझी' एवढंच लिहिता येतं." आठ महिने मी ज्याला दुरावा समजत होते, तो निम्मा तरी जागेचा प्रश्न होता. आता ती ऑफिसमधून परतताना चालत येते, त्या पंधरा मिनिटांत आम्ही बोलतो. रोज नाही, आठवड्यातून एखाद्या वेळी. पूर्वीसारखं नाहीच, हेही खरं.

तुमच्या मैत्रिणीचं कारण वेगळं असू शकतं. तिची जुनी उत्तरं एकदा परत वाचून बघा. उशिरा आलेल्या उत्तरात शेवटी "तुझं काय?" असेल, मध्येच न विचारता एखादी बातमी असेल, तर ती अडकलेली आहे, दुरावलेली नाही. उलट उत्तर लगेच येतं पण दर वेळी दोन शब्दांत, आणि तिने आपणहून विचारलेला शेवटचा प्रश्न तुम्हाला आठवतही नसेल, तर ती खरंच थोडी लांब गेलीय. पत्र दोन्ही वेळा हेच पाठवा, फक्त दुसऱ्या वेळी अपेक्षा कमी ठेवा.

महिनाभरात काहीच आलं नाही तर "वाचलंस का?" विचारू नका. दोनेक महिन्यांनी आणखी एक, याहून छोटं, प्रश्नाशिवाय पाठवा : "हे बघून तुझी आठवण झाली" आणि एक फोटो. त्यालाही उत्तर नाही आलं तर मग फक्त वाढदिवसाला. शाळेतल्या एका मैत्रिणीच्या बाबतीत मी सध्या तिथेच आहे, तिसरं वर्ष चालू आहे. दरवर्षी तिचं "थँक्यू गं" येतं. या वर्षी त्यापुढे "तू कुठे असतेस आता?" असंही होतं.