कूट नसलेला वाढदिवस

ताई, रविवारी लेकीचा सहावा वाढदिवस आहे, पंधरा मुलं येतील. तिच्या एका मैत्रिणीला शेंगदाण्याची भयंकर अ‍ॅलर्जी आहे. सासूबाई म्हणतात, तिला वेगळी ताटली करू, बाकीच्यांचा बेत कशाला बदलायचा? रिटर्न गिफ्टला चिक्की आणि चॉकलेटं आणूनही ठेवली आहेत. काय करू?

वेगळी ताटली नको. या वयाच्या मुली एकमेकींच्या ताटलीत हात घालतात आणि चिवड्याच्याच हाताने फुगे पकडतात. त्या दिवशी घरात शेंगदाणा नकोच.

आधी तिच्या आईला फोन करा. फक्त शेंगदाणाच, की काजू, बदाम, तीळसुद्धा, हे विचारा. पाकिटांच्या मागच्या बाजूचे फोटो तिला पाठवा आणि ती नको म्हणेल ते सरळ बाद करा.

आपल्याकडे अडचण अख्ख्या दाण्यांची नाही, कुटाची आहे. मी एकदा ‘दाणे नकोत’ असं बजावून सँडविच मागवली होती. हिरवी चटणी दाट व्हावी म्हणून त्यात कूट घातलेलं निघालं; दुकानदाराच्या लेखी ते ‘दाणे’ नव्हतेच! माझ्या भाच्याचे ओठ सुजले आणि आम्ही दवाखाना गाठला. तेव्हापासून अशा दिवशी बाहेरच्या चटण्या, फरसाण, भेळ माझ्याकडे बंद.

पावभाजी करा, सोबत काकडी आणि कलिंगड. वडे तळायचेच असतील तर कढईत नवं सूर्यफुलाचं तेल घ्या. घाण्याचं शेंगदाणा तेल नको आणि कालचं उरलेलं तेलही नको. केक घरीच भाजा, कारण बेकरीत सगळ्या केकांना सुरी एकच असते. आणि मिक्सर! झाकणाच्या रबरात कूट हमखास अडकतं. रबर काढून साबणाने घासा, नाहीतर चटणी त्यात वाटूच नका. मुलं आली की साबणाने हात धुवायला लावा. सॅनिटायझरने शेंगदाण्याचा अंश जात नाही.

मुलीच्या आईला थांबायला सांगा. अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन कुठे ठेवलंय आणि ते कसं द्यायचं, हे पाहुणे यायच्या आधी समजून घ्या. नुसत्या चार गांधी उठल्या तर आईला दाखवा. पण खोकला, घोगरा आवाज, धाप, जीभ सुजणं, एकदम मलूल होणं, यातलं काही दिसलं तर अ‍ॅलर्जीच्या गोळीवर वेळ घालवू नका. इंजेक्शन लगेच मांडीत द्यायचं आणि मग थेट हॉस्पिटल, बरं वाटलं तरीसुद्धा.

सासूबाईंना मिक्सरच्या रबराची गोष्ट सांगा. कूट रोज त्यांच्याच हाताखालून जातं, त्यांना चटकन पटेल.

रिटर्न गिफ्ट सगळ्यांना एकच आणि खाऊशिवाय द्या: रंगखडू, स्टिकर, छोटी वही. मुलं पिशव्या जिन्यातच उघडतात, म्हणून चॉकलेटंही नकोत. चिक्की कपाटात लपवू नका, शनिवारच्या आत नवऱ्याबरोबर ऑफिसात पाठवा. दहा मिनिटांत संपेल.