ज्युरीत मार्क नेमके कशाला द्यायचे?

"पुढच्या आठवड्यात पहिल्यांदाच आर्किटेक्चरच्या थर्ड इयरच्या ज्युरीला बाहेरची ज्युरर म्हणून जातेय. प्रत्येकी पंधरा मिनिटं. काही मुलं फार छान बोलतात, काही गडबडतात. मार्क नेमके कशाला द्यायचे?"

मुलगा बोलायला लागण्याआधी दोन मिनिटं मागा आणि शीट स्वतः वाचा. प्लॅनवर सेक्शनची रेघ कुठून गेलीय ते शोधा, मग तोच सेक्शन आणि मॉडेल शेजारी ठेवून लेव्हल जुळवून बघा. मी बहुतेक गोष्टी इथेच पकडते, कारण मुलं प्लॅन शेवटच्या रात्रीपर्यंत बदलतात, सेक्शन मात्र आठवडाभर जुना राहतो.

एका ज्युरीत विषय होता उताराच्या जागेवरचं प्राथमिक आरोग्य केंद्र. एका मुलीचं मॉडेल देखणं होतं, मधला चौक सुरेख. पण जोतं रस्त्यापासून ९०० मिमी वर, आणि १:१०० च्या प्लॅनवर रॅम्प जेमतेम ५ सेंमी, म्हणजे ५ मीटर. १:१२ च्या उताराला १०.८ मीटर लागतात, मधला सपाट टप्पा वेगळा. तिच्या रॅम्पवरून स्ट्रेचर चढलंच नसतं. एका ज्युररनी तिथेच नापासाची भाषा सुरू केली.

मी तिला पेन्सिल आणि ट्रेसिंग दिलं आणि विचारलं, "जवळपास अकरा मीटर कुठे बसवशील?" ती मिनिटभर गप्प होती. मग रॅम्प तिने चौकाच्या दोन बाजूंनी वळवला, वळणावर सपाट टप्पा ठेवला, आणि चौक अरुंद होतोय हे आपणहून सांगितलं. तांत्रिक बाबींचे मार्क कापले गेलेच, ते कापायलाच हवेत. डिझाइनचे मात्र मी कापू दिले नाहीत, कारण आपली इमारत तिला आतून माहीत होती. त्याच दिवशी एका मुलाचा रॅम्प अचूक होता, बोलणंही सफाईदार. पण रुग्णांची बसायची जागा पश्चिमेला उघडी का, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, आणि कागदावरही काही सुचलं नाही. बोलायला लाजणाऱ्या मुलांसाठीही हाच उपाय: तोंडी उत्तर मागू नका, काढून दाखवायला सांगा.

स्टुडिओच्या सरांकडून ब्रीफ आणि मार्कांची विभागणी आदल्या दिवशीच मागून घ्या. ब्रीफमध्ये स्ट्रक्चरल ग्रिड मागितलंच नसेल तर त्यावर प्रश्न जरूर विचारा, मार्क कापू नका. "मी असतो तर चौक काढूनच टाकला असता" असं कुणी म्हणालं, तर ती त्यांची आवड झाली, तिचे मार्क नसतात.

चर्चेआधी प्रत्येकाने आपले मार्क पेन्सिलने लिहावेत, नाहीतर सगळ्यात ज्येष्ठ माणसाच्या आकड्याभोवती बाकीचे गोळा होतात. पहिल्या तीन-चार मुलांचे आकडे जेवणाच्या सुट्टीत पुन्हा बघा. सकाळी आपला हात आखडता असतो, आणि चारनंतर थकून आपण सेक्शन वाचणं सोडतो. त्या वेळी दहा मिनिटं चहाला थांबायला सांगा, उशीर झाला तरी.